न मोजलेली आवक

पावसाळ्यात बेळगाव-निपाणी पट्ट्यातला माणूस धरणाच्या बातमीत तीन आकडे शोधतो: पातळी, आवक आणि विसर्ग. हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल धरणाचंच घ्या. पातळी पट्टीवर वाचता येते. विसर्ग दरवाजे किती उघडले यावरून कळतो. पण चंदगडच्या डोंगरातून घटप्रभेत आणि तिच्या ओढ्यानाल्यांतून धरणात उतरणारं सगळं पाणी एका जागी उभं राहून मोजता येत नाही. आवक हिशेबातून काढावी लागते.

सरळ हिशेब असा: तासाभरात साठा किती वाढला ते पाहायचं आणि त्यात सोडलेलं पाणी मिळवायचं. तर्क बिनचूक आहे, पण तो पट्टीवरच्या वाचनाचे फार लाड करतो. समजा जलाशयाचा पसारा 60 चौरस किलोमीटर आहे. वाऱ्याच्या लाटेनं वाचन एका सेंटिमीटरनं चुकलं, तर साठ्यात 6 लाख घनमीटरची चूक होते आणि तासाच्या आवकेत जवळजवळ 5,900 क्युसेक खोटे मिसळतात. पुढच्या तासाला लाट बसली की तेवढेच वजा होतात, आणि धो धो पावसातही आवक उणे दिसू शकते.

जे मोजलं त्यावरून न मोजलेलं कळतं का, या प्रश्नाला नेमकं गणिती रूप रुडॉल्फ काल्मान यांनी 1960 च्या सुमारास दिलं. स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या डेव्हिड ल्युएनबर्गर यांनी 1964 च्या लेखात ते कळवून घेण्याची सोपी रीत मांडली. खऱ्या यंत्रणेशेजारी तिची गणिती प्रतिकृती चालवायची आणि दोघींच्या मोजमापांत फरक पडला की प्रतिकृतीला तेवढी दुरुस्ती द्यायची. हा झाला ऑब्झर्व्हर.

त्याच लेखात आणखी एक विचार होता. पूर्ण प्रतिकृती साठ्याचाही अंदाज करते, पण साठा तर पट्टीवरून समोर दिसतोच आहे. मग एकूण राशींतून मोजलेल्या वजा करून उरतील तेवढ्यांचाच अंदाज का करू नये? हाच कमी क्रमाचा ऑब्झर्व्हर. तो बांधण्याची सुटसुटीत पद्धत बी. गोपीनाथ यांनी 1971 मध्ये दिली. आपल्या धरणात राशी दोन, साठा आणि आवक; मोजलेली एक, म्हणून अंदाज एकाच राशीचा.

अडचण अशी की आवकेचा अंदाज दुरुस्त करायला साठा किती वेगानं बदलतोय ते लागतं, आणि घात तिथंच होतो. त्यावरची युक्ती मला फार देखणी वाटते. वहीत आवक लिहायचीच नाही. आवकेतून साठ्याचा एक ठरावीक हिस्सा वजा करून उरेल ती रक्कम लिहायची. हिस्सा एक षष्ठांश धरू, साठा घनमीटरमध्ये आणि प्रवाह ताशी घनमीटरमध्ये. मग दर तासाला दोनच ओळी:

```
अंदाज = वही + साठा / 6
वही = वही + (विसर्ग - अंदाज) / 6
```

कुठेही मागच्या तासाचा साठा वजा केलेला नाही. खरी आवक 12,000 क्युसेकवर स्थिर असेल आणि आपण अंदाजाची सुरुवात शून्यापासून केली, म्हणजे वहीत आधी उणे साठा / 6 लिहिलं, तर सहा तासांनी अंदाज सुमारे 8,000, बारा तासांनी 10,650 आणि अठरा तासांनी 11,550 होतो. तीच एका सेंटिमीटरची लाट आता हजाराच्या आतच गोंधळ घालते.

पण या शांतपणाची किंमत द्यावी लागते. आवक तासाला 1,000 क्युसेकनं वाढत राहिली, तर अंदाज 6,000 क्युसेक मागे राहतो, आणि पुराच्या रात्री हे अंतर फार महाग पडतं. सहाऐवजी दोननं भागलं तर तो 2,000 च मागे राहील, पण लाटेचा गोंधळ तिप्पट होईल. या रचनेत पट्टीची चूक अंदाजात थेट उतरते, मध्ये गाळणी नाही. पट्टीच फार डळमळीत असेल, तर साठ्याचाही अंदाज करणारा पूर्ण ऑब्झर्व्हर बरा.

दुसरी चूक अधिक लपून बसते. हिशेबात न धरलेलं पाणी निमूटपणे आवकेच्या खात्यात जातं. एप्रिलमध्ये नदी आटलेली असताना रोज 5 मिलिमीटर पाणी उडून गेलं, तर याच पसाऱ्यावर अंदाज उणे 120 क्युसेकच्या आसपास ठाण मांडतो. लाटेची चूक वरखाली होते, ही हलत नाही. ओळखण्याची खूण हीच. म्हणून पावसाळ्यातल्या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी कोरड्या महिन्यातला आकडा पाहावा. आवक नसताना जो अंदाज शून्यावर येत नाही, त्याचा हिशेब आधी दुरुस्त केला पाहिजे.