तीन ओळींपाशी बसून

स्क्रीनवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करा. जवळ एक कोरा कागद आणि पेन असू द्या. प्रोग्राम अजून चालवायचा नाही.

समजा, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांमधून ऊस नोंदणीची यादी रोज रात्री एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये जाते. जाताना तिचं रूप बदलतं. तालुक्याचं नाव एकसारखं होतं आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये येतं. नेटवर्क, सर्व्हर, वेळापत्रक, सगळं क्षणभर बाजूला ठेवा. मधला हा बदल करणारं एक फंक्शन तेवढं समोर घ्या. त्याला द्यायला ही छोटी फाइल:

```
गाव,तालुका,क्षेत्र
पाटस,दौंड,1.05.50
न्हावरे,शिरुर,0.40.00
यवत,Dhond,1.5.50
```

सावकाश वाचा. हजारो ओळींच्या यादीत डोळा घसरत जातो, तीन ओळींत तो थांबतो. दुसऱ्या ओळीतला ‘शिरुर’ पाहा, रु ऱ्हस्व आहे. ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ आपण सारखंच वाचतो, पण संगणकाला ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही दोन वेगळी चिन्हं आहेत, म्हणून त्याच्या लेखी हे दोन तालुके. तिसऱ्या ओळीत दौंडचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आलंय. इंग्रज काळातल्या कागदांत ते असंच सापडतं, आणि जुन्या नोंदींवरून टाइप करणारा माणूस ते तसंच उतरवतो.

आता क्षेत्र. पहिल्या ओळीतले तीन आकडे म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर. कागदावर मांडा: 1 हेक्टरचे 10,000, 5 आरचे 500, वरचे 50. बेरीज 10,550. तिसरी ओळही तेच क्षेत्र सांगते, फक्त लिहिणाऱ्याने पाचाआधीचं शून्य गाळलंय. अपेक्षित उत्तराची फाइल या कागदावरून बनवा:

```
गाव,तालुका,चौ_मी
पाटस,दौंड,10550
न्हावरे,शिरूर,4000
यवत,दौंड,10550
```

इथे जरा रेंगाळा. प्रोग्राम चालवून त्याचंच उत्तर ‘अपेक्षित’ म्हणून साठवण्याचा मोह फार होतो, मलाही होतो. पण मग चाचणी एवढंच सांगते की प्रोग्राम काल चुकला तसाच आजही चुकतो. कागदावरची बेरीज प्रोग्रामच्या आधी झालेली असते, म्हणूनच ती साक्ष देऊ शकते.

आता चालवा आणि आलेलं उत्तर अपेक्षित फाइलशी ताडून पाहा. समजा फंक्शन लिहिणाऱ्याने सोपा मार्ग धरला होता: दुसरा बिंदू काढायचा, उरलेली संख्या हेक्टर समजायची आणि 10,000 ने गुणायचं. पाटसच्या ओळीत 1.0550 तयार होतं आणि उत्तर येतं 10,550. बरोबर! न्हावऱ्याचे 4,000 सुद्धा बरोबर. यवतच्या ओळीत मात्र 1.550 होतं आणि उत्तर येतं 15,500. चाचणी तिथे पडते. फरक 4,950 चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास 49 गुंठे, एकरापेक्षा जास्त. नसलेल्या एकरभर उसाचा अंदाज धरला गेला असता. पहिल्या दोन ओळींसारख्या पन्नास ओळी आणखी घातल्या असत्या तरी ही चूक दिसली नसती. ओळी किती आहेत यापेक्षा प्रत्येक ओळ कोणती वेगळी चूक पकडते, हे विचारा.

फंक्शन दुरुस्त करा: बिंदूंवर तोडून तिन्ही भाग वेगळे मोजा. चाचणी पास झाली की लगेच उठू नका. कोडमधली तालुक्याचं नाव सुधारणारी ओळ मुद्दाम काढून पुन्हा चालवा. न्हावरे आणि यवत दोन्ही पडायला हवेत. पडले नाहीत, तर चाचणी नावाकडे बघतच नव्हती. मग ओळ परत घाला.

अशीच नंतर सुचणारी एक ओळ बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारची. ‘शिरूर’ने सुरू होणारं सगळं पुणे जिल्ह्यात टाकणारा नियम तिच्यावर अडखळतो. प्रत्यक्ष वापरात एखादी नोंद बिघडलेली सापडली की ती अशीच एका ओळीत आणून बसवा, शेतकऱ्याचं नाव आणि गट क्रमांक मात्र काढून.

या चाचणीला काय कळत नाही, तेही मनाशी धरा. यादी रात्री खरंच पोचली का, हे तिला कळत नाही. सातबाऱ्यावरचा आकडाच चुकला असेल, तर ती तो इमानाने चौरस मीटरमध्ये बदलून देते.

एक ओळ तुमच्यासाठी ठेवली आहे. गाव केडगाव, तालुका दौंड, क्षेत्र रिकामं. उत्तर शून्य हवं की नोंद अडवून ठेवायला हवी? शून्य म्हणजे जमीन नाही, रिकामं म्हणजे अजून माहीत नाही. आधी कागदावर ठरवा, अपेक्षित फाइलमध्ये लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा.