गटावरच्या वाढदिवसाबद्दल

पेडगाव, ता. जि. परभणी

चि. भाचीस,



गटप्रवर्तक झाल्यापासून आशाताईंच्या व्हॉट्सॲप गटावर पहिली शुभेच्छा तुलाच टाकावी लागते, आणि ती टाकताना हात थांबतो, असं तू फोनवर म्हणालीस. मनातलं लिहिलं तर चारचौघांत जास्त वाटतं, आणि पुष्पगुच्छाचं चित्र टाकलं तर काहीच सांगितल्यासारखं वाटत नाही. तुझी ही अडचण खरी आहे. तुमच्या गटात वीसेक आशा, सिस्टर, आरोग्यसेवक, गाडीचे चालक आणि डॉक्टरसाहेब आहेत, आणि अधूनमधून तालुक्याचे अधिकारीही वाचतात. शुभेच्छा एकीला असली तरी ती सगळ्यांसमोर वाचली जाते.

तू पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. ‘आपल्या गटातील सर्वांत मेहनती आशाताई, पतीच्या निधनानंतर एकटीने संसार सांभाळणाऱ्या, मागच्या महिन्यात अंगात ताप असतानाही सर्वेक्षण पूर्ण करणाऱ्या, निःस्वार्थ सेवेची मूर्ती, यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि तुझा जीव त्यात आहे. तरी हा मजकूर गटावर टाकू नकोस.

‘सर्वांत मेहनती’ म्हटलं की उरलेल्या एकोणीस जणी मनातल्या मनात स्वतःला मोजतात. वैधव्य ही तिची स्वतःची गोष्ट आहे. ती कुणाला सांगायची आणि कधी, हे तिनं ठरवायचं. वाढदिवसाच्या सकाळी वीस-पंचवीस जणांसमोर ते दुःख उघडं केलं, तर तिला ‘धन्यवाद’ लिहिणंही जड जाईल. तापाचं तर अजिबात लिहू नकोस. ते वाचून पुढच्या वेळी आजारी पडलेली दुसरी ताई सुट्टी मागायला कचरेल, आणि वरच्यांना वाटेल की तापातही काम होतं. राहिली ‘निःस्वार्थ सेवा’. आशांना कामावर आधारित मोबदला मिळतो आणि तो कित्येकदा थकतो. दोन महिन्यांचे पैसे यायचे असताना हे दोन शब्द वाचणाऱ्याला झोंबतात. सेवेचं कौतुक करताना हक्काच्या पैशावर पांघरूण पडू देऊ नये.

मग वैयक्तिक काय लिहायचं? माझं मत असं की तिच्या आयुष्यातलं काही लिहायचं नाही, तिच्या कामातलं एकच लिहायचं, आणि तेही सगळ्यांनी पाहिलेलं. त्या ताईबद्दल तूच मला सांगितलं होतंस. आपल्या भागातली घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरांचे डोस राहतात, आणि परत आली तरी ती घरं यादीत सापडत नाहीत. ही ताई जाणाऱ्या प्रत्येक घराचा फोन नंबर आणि लेकराचा पुढचा डोस एका वेगळ्या वहीत लिहून ठेवते. घर परतलं की लसीकरणाच्या दिवसाआधी फोन लावते. ही वही गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही. म्हणून ती तिची खूण आहे, आणि सगळ्यांच्या उपयोगाचीही.

मी असं लिहिलं असतं:

‘ताई, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची वही तुम्ही ठेवता, म्हणून लसीकरणाच्या दिवशी राहिलेली लेकरं आपल्याला शोधत बसावी लागत नाहीत. ती पद्धत आता आम्हीही उचलतो आहोत. तुमची तब्येत चांगली राहो, आणि आज घरच्यांसोबत निवांत जेवण होवो.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी हा मजकूर दुसऱ्या कुणाच्या नावावर खपणार नाही. हीच त्याची परीक्षा. नाव झाकून वाच. कोणासाठी आहे ते गटाला ओळखता आलं, तर तो वैयक्तिक झाला. मग तो तीन वेळा वाच: एकदा त्या ताईच्या नजरेनं, एकदा तिच्या शेजारच्या गावच्या आशेच्या नजरेनं आणि एकदा साहेबांच्या. तिघांपैकी एकालाही खटकलं तर तेवढंच वाक्य काढ. कुठल्याही घराचं किंवा रुग्णाचं नाव मात्र कधीच येऊ देऊ नकोस. ‘अमक्या बाईच्या बाळंतपणात रात्रभर थांबलात’ असं लिहिलं की कौतुक ताईचं होतं आणि त्या बाईची माहिती गावभर होते.

ताईला तू घरी ‘अगं’ म्हणतेस, ते गटावर चालवू नकोस. तिथं चालक, शिपाई, सिस्टर, साहेब, सगळे ‘तुम्ही’च. लांबीही सारखीच ठेव. साहेबांना दहा ओळी आणि चालकभाऊंना नुसतं केकचं चित्र, हे लोक बोलून दाखवत नाहीत, पण बरोबर लक्षात ठेवतात. साहेबांसाठीही कामातलंच शोध. सभा लवकर सुरू केल्यामुळे लांबच्या गावच्या आशांना परतीची एसटी मिळते, एवढं लिहिलंस तर ते खुशामत वाटणार नाही, कारण त्याचा फायदा सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आशीर्वादात देवाचं नाव घालताना थांब. तुमच्या गटात वेगवेगळ्या घरांतले लोक आहेत. तब्येत, समाधान, घरच्यांसोबतचा वेळ हे मागणं सगळ्यांना चालतं. नवस, तुळजापूर, दर्गा, मुलांची लग्नं, आणि तिच्या दुःखाबद्दलची तुझी माया, हे सगळं तिला फोन करून सांग. तो फोन मात्र चुकवू नकोस.

मजकूर सकाळी टाक, पण लसीकरणाच्या दिवशी साडेआठच्या आत किंवा मग संध्याकाळी. मधल्या वेळेत शुभेच्छांच्या रांगेखाली सत्राची जागा बदलल्याचा निरोप वाहून जातो. चूक राहिली तर पंधरा मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो.

आता १ जूनचं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. म्हणून त्या दिवशी एकाच गटावर अनेकांचे वाढदिवस येतात, आणि त्या तारखेचे कर्मचारी ३१ मेला निवृत्त होतात. सगळ्यांना मिळून एक सामायिक संदेश टाकला तर कोणाचंच काही राहत नाही, आणि एकेकाला वेगळं लिहिलं तर सकाळभर गट वाजत राहतो. त्यापेक्षा आधीच एकेकीला विचार, ‘ताई, तुमचा खरा दिवस कोणता?’ काहींना आईनं सांगितलेलं आठवत असतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी किंवा संक्रांतीच्या आठवड्यात. तो दिवस तुझ्या वहीत लिही आणि शुभेच्छा त्या दिवशी दे. ज्यांना १ जूनच हवा असेल त्यांना १ जूनलाच दे. आणि ज्यांना गटावर नकोच असेल त्यांचं तेवढं ऐक. काहींना तो दिवस आवडत नाही, आणि त्यांनी कारण सांगायची गरज नाही.

या महिन्याच्या सभेलाच ही विचारपूस सुरू कर, आणि पुढचा मसुदा गटावर टाकण्याआधी मला पाठव.

तुझी मावशी