तिच्या म्हणीत उत्तर

पवित्र कुरआनातील 'अर्-रूम' या सूरहच्या दोन आयती सलग वाचून पाहा. एकविसाव्या आयतीत अल्लाहने पती-पत्नींमध्ये निर्माण केलेल्या प्रेमाचा आणि करुणेचा उल्लेख आहे. लगेच बाविसाव्या आयतीत माणसांच्या भाषांची व वर्णांची विविधता त्याच्या निशाण्यांत गणली आहे. या दोन्ही निशाण्या एकाच घरात नांदत असतील, तर जोडीदाराची भाषा शिकणे हे कर्तव्य ठरते की केवळ सोय?

महर आणि निर्वाहखर्च हे पत्नीचे हक्क आहेत. ते नाकारले गेले, तर ती काझीकडे दाद मागू शकते. पतीने माझी बोली शिकावी, असा दावा मात्र तिला लावता येत नाही. माझ्या मते म्हणूनच हा प्रश्न एहसानच्या प्रांतातला आहे. जे मागता येत नाही, ते देण्याचा.

समजा, मुलगी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, घरात कोकणी बोलणारी. मुलगा सोलापूरचा, दखनी बोलणारा. दुआ-सलाम एकच, तेव्हा भाषेची अडचण ती कोणती, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना वाटते. दखनीतला 'नक्को' आणि शब्दावर जोर देणारा 'च' हे तर मराठीकडूनच आलेले. परंतु घोटाळा अनोळखी शब्दांत होत नाही, ओळखीच्या शब्दांत होतो. मराठीत 'हरकत' म्हणजे आक्षेप. उर्दू वळणाच्या बोलण्यात 'हरकत' म्हणजे हालचाल, आणि पुष्कळदा आगळीक. 'माझी काही हरकत नाही' हे सुनेचे संमतीचे शब्द सासूला आरोप झटकल्यासारखे ऐकू येतात. मराठीत प्रयत्नांची 'शिकस्त' करतात, उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. सून फोनवर स्वतःच्या आईला 'तू' म्हणते, त्यात तिची माया असते. ज्या घरात आईला 'आप' म्हणतात, तिथे त्याच 'तू'मुळे तिची अदब मोजली जाते.

हे गैरसमज विचारपूस केली की काही महिन्यांत निवळतात. घरच्या म्हणींना मात्र अधिक काळ लागतो, कारण त्यांचा कोश कुठे छापलेला नसतो. समजा, या मुलीचे वडील होडीवर जात. ते रागावले की तिची आई मुलांना हळूच सांगे, 'ओहोटी लागू दे'. म्हणजे आता बोलू नका, पाणी उतरू द्या. सोलापूरच्या मुलाने भरती-ओहोटी पाहिलेली नाही. त्याला शब्दार्थ एका मिनिटात कळेल. पण ती म्हण कोणाच्या रागासाठी होती, कोणत्या आवाजात उच्चारली जाई, त्यानंतर घरात किती वेळ शांतता असे, हे तिच्याकडून ऐकावे लागेल. मग एखाद्या संध्याकाळी त्याचीच आई चिडलेली असताना तो पत्नीला हळूच म्हणेल, 'ओहोटी लागू दे'. त्या क्षणी तिचे माहेर परक्या घरात तिच्या बाजूला येऊन उभे राहते.

हदीसमध्ये याचा एक सुंदर दाखला आहे. हजरत आएशा (र.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना अकरा स्त्रियांची कथा सांगितली. प्रत्येक स्त्री आपल्या पतीचे वर्णन करते. त्यातील शब्द इतके दुर्मीळ आहेत की काझी इयाज यांना या एका हदीसवर स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला. प्रेषितांनी ती लांबलचक कथा शेवटपर्यंत ऐकली आणि उत्तर तिच्याच कथेतून दिले: उम्मे जरअसाठी अबू जरअ जसा होता, तसा मी तुझ्यासाठी आहे. कथेतल्या अबू जरअने शेवटी पत्नीला सोडले होते. काही रिवायतींत प्रेषितांनी तो फरकही स्पष्ट केला आहे. दुसऱ्याची उपमा वापरताना तिच्यातले काय घ्यायचे आणि काय नाही, हा विवेक इथे दिसतो.

तो विवेक आपल्यालाही हवा. माहेरची म्हण चारचौघांत, हसवण्यासाठी वापरली तर ती नक्कल होते. पत्नी हसण्याऐवजी गप्प झाली, तर म्हण चुकीच्या जागी पडली असे समजावे. काही म्हणी एखाद्या मृत माणसाच्या असतात. त्या तिने स्वतः हाती दिल्याशिवाय उचलू नयेत. आणि काही म्हणी कळाव्यात, पण वापरू नयेत. 'लेकी बोले सुने लागे' हे मराठी घरांना सांगायला नको. दखनी बोलणाऱ्या सुनेसमोर मराठी सासू असे आडून बोलते, तेव्हा तो टोला ओळखून आईला अदबीने थांबवणे हे मुलाचे काम आहे, कारण दोन्ही भाषा त्यालाच येत असतात.

आपल्याकडे हे शिकणे बहुधा एकट्या सुनेच्या वाट्याला येते. वर्षभरात ती सासरची बोली बोलू लागते आणि सगळे तिचे कौतुक करतात. जावयाला सासरचे किती शब्द येतात, हे कोणी विचारत नाही. या ईदला सासऱ्यांना फोन कराल, तेव्हा त्यांच्या बोलीत दोन वाक्ये बोलून पाहा; उच्चार पत्नीकडून आधी दुरुस्त करून घ्या.