रिकाम्या पाळण्यापुढे काय बोलावे?

पोटातच दगावलेल्या अथवा दिवस न भरता गेलेल्या बाळाच्या आईबापांस भेटावयास जाताना जी वाक्ये आपल्या ओठांवर सहज येतात, ती प्रेमाची असली तरी खरी असतात काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

एका खेड्यातील मंडळीत आठव्या महिन्यात मृत बालक जन्मले. तिसऱ्या दिवशी भेटावयास आलेली एक बाई म्हणाली, “निदान लळा तरी लागला नव्हता.” दुसरी म्हणाली, “वय आहे, दुसरे होईल.” तिसरीने विचारिले, “जड घागर उचलली होतीस काय?” उपदेशकांनी सांगितले, “देवाला आपल्या बागेत ही कळी हवी होती.” हेतू सर्वांचा चांगला होता. पण त्याच सकाळी त्या मातेस पान्हा फुटला होता. लळा लागला नव्हता असे तिला कोणी सांगावे?

‘निदान’ या शब्दाने आपण दुसऱ्याचे दुःख तराजूत घालून हलके ठरवितो. पुढचे मूल देणे आपल्या हाती नाही, आणि ते झाले तरी हे बाळ होणार नाही. घागरीचा प्रश्न तर मातेवर दोष ठेवितो. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांपैकी सुमारे निम्मे बीजाच्या घडणीतील दोषामुळे जातात. नेहमीच्या घरकामामुळे नव्हे. मृतजन्माचे कारण तर पुष्कळदा डॉक्टरांसही सापडत नाही. राहिले कळीचे वाक्य. जे देवाने आपणांस कळविले नाही, ते त्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले तेव्हा चुकले, आणि शेवटी देवाने त्यांसच दोष दिला.

मग काय बोलावे? आमच्या मते इतके पुरे आहे: “तुमचे बाळ गेले, आम्हांस फार वाईट वाटते.” ‘बाळ’ हाच शब्द वापरावा, मग महिने दोन असोत वा नऊ. आईस बोलावेसे वाटले तर नाव ठेविले होते काय, असे हळूच विचारावे व ऐकावे. बापासही “तिला धीर द्या” एवढेच न सांगता “तुम्ही कसे आहात?” असे विचारावे. पत्र लिहावयाचे तर असे लिहावे: “तुमच्या बाळाच्या मृत्यूची वार्ता ऐकून आम्ही दुःखी आहोत. उत्तर लिहिण्याची तसदी घेऊ नये. गुरुवारी संध्याकाळचे जेवण आम्ही घेऊन येऊ.” आणि गुरुवारी खरोखर जावे.

ज्या महिन्यात प्रसूती व्हावयाची होती, तो महिना आईबाप विसरत नाहीत. त्या महिन्यात पुन्हा त्यांच्या दारी जावे.