पडदा विझला, कान उघडाच

गेल्या दिवाळीत मुलानं दिवाणखान्यातल्या टीव्हीला वेबकॅम बसवून दिला. आमचा टीव्ही थेट कॅमेरा घेत नाही, म्हणून जुना लॅपटॉप खाली टेबलावर, त्याला कॅमेरा जोडलेला, आणि एक एचडीएमआय केबल टीव्हीला. दर रविवारी बेळगावात आम्ही आणि पुण्यात ती, सगळे समोरासमोर.

एका रविवारी बोलणं संपलं आणि मी रिमोटनं टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंशी बोलू लागले, सुनेच्या नोकरीबद्दलच. दोन मिनिटांत मोबाईल वाजला. सून म्हणाली, "आई, तुमचं चालूच आहे. मी इकडून बंद करतेय." एवढंच.

मी चरकले. रिमोटनं विझला होता फक्त पडदा. कॉल लॅपटॉपवर चालला होता, तो चालूच राहिला.

मग नीट पाहिलं. टीव्ही उंच भिंतीवर, त्यावर कॅमेरा. त्यामुळे आमची डोकी जास्त आणि तोंडं कमी दिसत. शिवाय आठ फुटांवर त्याच्या नजरेत जवळजवळ दहा फूट रुंदीची जागा येते, म्हणजे सोफा आणि पलीकडचं स्वयंपाकघराचं दारही. आता यूएसबीची लांब वायर घेऊन कॅमेरा टीव्हीच्या खालच्या कडेला, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला आणलाय, आणि दाराकडची बाजू टाळून वळवलाय.

पण कॅमेरा वळवला, तरी माइक वळत नाही. भिंगावरची झडप लावली की चित्र थांबतं, आवाज जातच राहतो. कॅमेऱ्याचा दिवाही चित्रापुरताच. तो विझला म्हणजे कोणी ऐकत नाही, असं नव्हे. कॅमेऱ्याची वायर उपटली, तरी लॅपटॉपचा स्वतःचा माइक काम हाती घेऊ शकतो. म्हणून क्रम ठरवलाय: आधी कॉल संपवायचा, पडद्यावर तो संपलेला पाहायचा, मग लॅपटॉप बंद करायचा, आणि टीव्ही सगळ्यात शेवटी.

एवढं यंत्राचं झालं. माणसांचं काय? कॉलवर आम्ही बसलो, ते आमच्या मर्जीनं. पण आत भांडी घासणाऱ्या बाईला, पलीकडे जप करणाऱ्या सासूबाईंना आपण विचारलं होतं का? न दिलेलं घेणं ही चोरी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग न दिलेला शब्द घेणंही तेच नव्हे का? आता कॉल लावण्याआधी मी घरभर हाक देते, "चालू करतेय हं!" संपल्यावर पुन्हा सांगते.

आणि सून? तिला ऐकत राहता आलं असतं. तिच्याविषयीच तर बोलणं होतं. किती ऐकलं, हे मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण सासूबाईंना जे सांगत होते, ते पुढच्या रविवारी मी तिलाच सांगितलं, तोंडावर, कॅमेऱ्यासमोर.