अग्रे की अग्नेः?

ग्रंथाचे भाषांतर करणारा दोन कामे करतो. मुळात काय आहे ते आधी ठरवतो आणि मग ते आपल्या भाषेत सांगतो. दुसरे काम वाचकाला दिसते, पहिले सहसा दिसत नाही. पण खरी जोखीम पहिल्यातच असते. एका जोडाक्षरावरून केवढा वाद माजू शकतो याचे उदाहरण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. ते सज्जनांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

दहाव्या मंडलातील अठरावे सूक्त प्रेतसंस्काराचे आहे. त्यातील सातव्या ऋचेचा आशय साध्या मराठीत असा: ज्या विधवा नाहीत, ज्यांचे पती चांगले आहेत, अशा या स्त्रियांनी अंजन आणि तूप घेऊन यावे. डोळ्यांत अश्रू नसलेल्या, निरोगी, अलंकार ल्यालेल्या या स्त्रियांनी प्रथम आपल्या स्थानी जावे. यातील 'प्रथम' हा अर्थ शेवटच्या 'अग्रे' या शब्दाचा आहे. सोळाव्या शतकात बंगालमध्ये रघुनंदन भट्टाचार्य नावाचे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. त्यांच्या शुद्धितत्त्व या ग्रंथात ही ऋचा सहगमनाला, म्हणजे सती जाण्याला, आधार म्हणून आली आहे, आणि छापील प्रतींत तेथे 'अग्रे'च्या जागी 'अग्नेः' असा पाठ आहे. एवढ्याने स्त्रियांनी 'स्थानी' जायचे राहिले, त्या 'अग्नीच्या स्थानी' जाऊ लागल्या! कोलब्रुक या इंग्रज पंडिताने १७९५ साली हिंदू विधवेच्या कर्तव्यांवर निबंध लिहिला. त्यात त्याने धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांवर विसंबून या ऋचेचे भाषांतर अग्नीच्या अर्थाने दिले, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाने वेदाचीच तशी आज्ञा आहे असे धरले.

आता खरा पाठ कोणता हे कशावरून ठरवायचे? 'अग्नेः' क्रूर वाटते म्हणून ते खोटे, असे म्हणणे सोपे आहे. पण तो पुरावा नव्हे.

छंद मोजून पाहावा तर तो मदतीला येत नाही. त्रिष्टुभाच्या चरणात अकरा अक्षरे लागतात आणि दोन्ही शब्दांनी ती अकराच भरतात. व्याकरणही अडत नाही, कारण 'अग्नीचे स्थान' हा प्रयोग शुद्धच आहे. लेखनाकडे पाहिले तर ग्र आणि ग्न यांत थोड्याशा रेघेचाच फरक असतो, आणि विसर्गाचे दोन ठिपके कोणाच्याही हातून पडू शकतात. म्हणजे नुसती पोथी समोर धरली तर दोन्ही पाठ सारखेच उभे राहतात. पोथीतल्या पोथीत निकाल लागत नाही तो असा.

पण वेद काही केवळ पोथीत राहिला नाही, तो मुखात राहिला. 'अग्रे' या शब्दात पहिले अक्षर उदात्त आहे, 'अग्नेः' मध्ये दुसरे. कागदावर डोळा फसेल, पण संथा घेतलेल्या माणसाच्या तोंडात स्वर असा उलटा व्हायचा नाही. शिवाय जटापाठात दोन-दोन पदे सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात. येथील जोडी उलट म्हणताना 'अग्रे योनिम्' असेच म्हणायचे. मूळ शब्द 'अग्नेः' असता तर विसर्गाचा र होऊन 'अग्नेर्योनिम्' असे म्हणावे लागले असते. एक रकार आपोआप वाढला असता आणि शेजारी बसलेल्या दहा वैदिकांच्या कानांना तो तेथल्या तेथे टोचला असता. पूर्वजांनी हे उलटसुलट पाठ नुसती हौस म्हणून घातले नव्हते. पदपाठातही 'अग्रे'च आहे.

दुसरा पुरावा इतर शाखांचा. हाच मंत्र अथर्ववेदात दोन ठिकाणी येतो आणि तैत्तिरीय आरण्यकातही येतो. तेथे काही पाठभेद खरोखरच आहेत. ऋग्वेदात जेथे 'सं विशन्तु' आहे तेथे अथर्वात 'सं स्पृशन्ताम्' आणि तैत्तिरीयांत 'सं मृशन्ताम्' आहे. म्हणजे एक म्हणते आत यावे, बाकीच्या म्हणतात अंजनतुपाचा स्पर्श करावा. हे तिन्ही आपापल्या शाखेचे खरे पाठ आहेत आणि यांतला एक शुद्ध व दोन अशुद्ध असे कोणी म्हणू नये. पण एवढा फरक पडूनही शेवटचा शब्द सगळीकडे 'अग्रे'च राहिला आहे. ज्या शाखा एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या जेथे एकमुखाने बोलतात, तेथे साक्ष बळकट होते.

तिसरा पुरावा विनियोगाचा. आश्वलायन गृह्यसूत्रात ही ऋचा शांतिकर्मात येते. तरुण स्त्रिया दर्भाने डोळ्यांत लोणी घालतात, आणि त्यांच्याकडे पाहून कर्ता हा मंत्र म्हणतो. हे कर्म चितेवरचे नव्हे, मागे राहिलेल्या घरच्या मंडळींचे आहे. सायणाचार्यांनीही येथे 'सर्वांच्या आधी घरी यावे' असाच अर्थ केला आहे.

राहिला संदर्भ. ऋचा म्हणते या स्त्रिया विधवा नाहीत, आणि त्या अनेक आहेत. मृताची पत्नी पुढच्या, आठव्या ऋचेत येते, एकटी. तिला सांगितले आहे की ऊठ, तू प्राण गेलेल्याजवळ पडली आहेस, जिवंतांच्या जगाकडे ये. गृह्यसूत्राप्रमाणे दीर, शिष्य किंवा घरातला म्हातारा चाकर तिला चितेजवळून उठवतो. सातव्या ऋचेत जाळून टाकायचे आणि आठवीत हात धरून उठवायचे, असे कोणते सूक्त सांगेल? हे अडते म्हणून 'अविधवा' या शब्दाचा 'वैधव्य न यावे म्हणून जाणाऱ्या' असा अर्थ ओढण्यात आला. एक पाठ चुकला की तो सावरायला शेजारच्या शब्दालाही वाकवावे लागते. पाठ बिघडल्याची ही एक ओळखण्याची खूण आहे.

तेव्हा निर्णय 'अग्रे'चा, याविषयी शंका नाही. विल्सनने १८५४ च्या सुमारास हे इंग्रजीत मांडले, तेव्हा बंगालच्या राजा राधाकान्त देव यांनी त्यांना सविस्तर पत्र लिहून परंपरेची बाजू मांडली होती. १८५६ साली मॅक्समुल्लरने तर पुरोहितांनी जाणूनबुजून अक्षर बदलले असा आरोप केला. येथे मात्र मला थांबावेसे वाटते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा आरोप मान्य केलेला नाही. ऋग्वेद मुखोद्गत असणारे वैदिक देशभर असताना असे कपट खपणार कसे? प्रतीत दोष असेल किंवा नकळत झालेली चूक असेल, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते. शिवाय एरण येथील इ. स. ५१० च्या शिलालेखात गोपराजाच्या पत्नीच्या सहगमनाची नोंद आहे, म्हणजे रघुनंदनांच्या हजार वर्षे आधी. आपल्याकडे १७७२ साली थेऊरला रमाबाई पेशवे सती गेल्या, त्याही काही शुद्धितत्त्वातील पाठ पाहून गेल्या नाहीत. रूढी आधी होती, अक्षर तिला मागाहून सापडले. ज्याला आधार हवाच असतो त्याला तो पोथीच्या डागातही मिळतो.

आता यातला नीतीचा प्रश्न. समजा, सर्व शाखांत, पदपाठात, स्वरात 'अग्नेः'च निघाले असते, तर? तर भाषांतरकाराने 'अग्नेः'च छापायला हवे होते, आणि सती ही अधर्म्य चाल आहे हे वेगळे, स्वतःच्या नावाने म्हणायला हवे होते. पाठ काय आहे आणि धर्म काय आहे हे प्रश्न दोन आहेत. १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला तो विल्सनच्या लेखाच्या पाव शतक आधी. जिवंत बाईला जाळू नये हे कळायला कोणाला जटापाठ लागत नाही. उलट दोन्ही प्रश्न एकत्र कालवले की चांगला हेतू असलेला माणूसही सैल होतो. आठव्या ऋचेतल्या 'दिधिषु' शब्दावरून काही सुधारकांनी पुनर्विवाहाची स्पष्ट आज्ञा काढली. त्यांचे कार्य वंदनीय, पण त्या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, आणि आपल्या बाजूचा म्हणून एकच अर्थ सरळ छापून टाकणे बरे नव्हे.

मग भाषांतरकाराने नोंद करावी कशी? भाषांतराच्या ओळीत 'प्रथम' लिहावे, आणि खाली टीप द्यावी: "१०.१८.७, चौथा चरण. स्वीकृत पाठ 'अग्रे': ऋग्वेद संहिता व पदपाठ, अथर्ववेद, तैत्तिरीय आरण्यक, सायणभाष्य. 'अग्नेः': रघुनंदनांच्या शुद्धितत्त्वातील अवतरणात, संहितेच्या पाठात नाही. स्वर व विनियोग 'अग्रे'ला अनुकूल." बस्स. टाकलेला पाठ लिहायचा, तो कोठे आहे ते लिहायचे आणि का टाकला ते लिहायचे. 'दुष्टांनी घुसडलेला' असली विशेषणे टिपेत नकोत, कारण तो पाठभेद नव्हे, तो निवाडा झाला. 'सं विशन्तु' वरची टीप मात्र निराळ्या तऱ्हेची होईल. तेथे 'येथे ऋग्वेदाचा पाठ घेतला आहे, अन्य शाखांत असे आहे' एवढेच म्हणायचे. खरा शाखाभेद आणि बिघडलेले अवतरण एकाच यादीत एकाच तोलाने दिले तर वाचकाची दिशाभूल होते.

आपल्या संप्रदायाला हा विषय परका नाही. नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही दिली. आज आपण पारायण करतो ते त्या उपकारावर. पण त्यांनी बाजूला सारलेले पाठ कोणते, याची यादी मागे राहिली नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांना जुनी प्रत शोधून छापावीशी वाटली. फडावर त्या प्रतीची नापसंती पुष्कळ झाली, पण तुलना करायची तर दोन प्रती डोळ्यांपुढे असाव्या लागतात, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

ऋचेकडे परत येऊ. 'अग्रे' ठरले तरी 'योनि' राहतेच. सायणाचार्य घर म्हणतात, काही आधुनिक अभ्यासक आसन किंवा जागा म्हणतात. मी वर 'स्थान' लिहिले ते दोन्ही अर्थ त्यात बसावेत म्हणून. पण हा पाठाचा प्रश्न नव्हे, अर्थाचा आहे. त्याची टीप वेगळी लिहावी, पहिलीत मिसळू नये.