चांगला फोटो, पण कशाला?

"चांगला" हा शब्द एकटा उभा राहत नाही. विळा चांगला असतो तो कापायला, दोर चांगला असतो तो बांधायला. फोटोच्या बाबतीत मात्र आपण "चांगला काढ" एवढंच म्हणतो आणि पुढचं विचारायचं राहून जातं.

गाय विकायची होती. पुतण्यानं मोबाईलवर तिचे पंधरा-वीस फोटो काढले आणि विचारलं, "काका, यातला चांगला कुठला?" त्याला आवडला होता तो मावळतीच्या उन्हातला, मान वळवून बघणाऱ्या गाईचा. मी म्हटलं, "घरात लावायला हाच. पण लांबच्या गावचा गिऱ्हाईक यात काय बघणार?"

मग आम्ही उलट्या बाजूनं निघालो. तो माणूस गोठ्यात आला असता तर कुठं कुठं उभा राहिला असता? आधी बाजूला. म्हणून एक फोटो आडवा, गाय सपाट जमिनीवर, दहा-बारा फुटांवरून, मोबाईल तिच्या पोटाच्या उंचीला धरून. उभ्यानं वरून काढला तर पाय आखूड दिसतात, आणि गवतात उभी केली तर खूर झाकले जातात. मग तो मागं गेला असता, कास बघायला. म्हणून कासेचे दोन फोटो: धारेच्या आधीचा आणि नंतरचा. दुधाची कास धार काढल्यावर सैल पडते, मांसल कास तशीच फुगीर राहते. एका फोटोत हा फरक कळतच नाही. शेवटी त्यानं तोंड उघडून दात बघितले असते आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचला असता. ते दोन फोटो जवळून, आकडे वाचता येतील असे. मावळतीच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं.

इथं खरी अडचण आली. गाईचा मागचा उजवा सड आटलेला होता. पुतण्या म्हणाला, "काका, डावीकडनं काढू. भाव पडंल."

त्याचंही खोटं नव्हतं. फोटो भाव मिळवायला असेल तर डावी बाजूच चांगली. पण फोटो मागितला होता तो गिऱ्हाईकानं, यायचं की नाही हे ठरवायला. "कशासाठी" विचारलं की पाठोपाठ "कुणासाठी" हेही विचारावं लागतं, आणि तिथं माणसाची पारख होते. आम्ही उजवीकडून फोटो काढला आणि खाली लिहिलं, तीन सडांवर दूध.

एवढं करूनही फोटोत दूध दिसत नाही, लाथ दिसत नाही. म्हणून सगळ्यांत शेवटी लिहिलं: सकाळ-संध्याकाळ दोन धारा स्वतः काढून बघा, मग भावाचं बोलू.